हप्ता तोच, पगार वाढता : घरकर्जाच्या ईएमआयचे खरे ओझे कसे मोजावे

पहिल्यांदा घरकर्ज घेणाऱ्याला घरातील वडीलधारी माणसे हमखास एक दिलासा देतात : पहिली पाच वर्षे कळ काढ, पुढे हप्ता जाणवतही नाही. त्यांच्या अनुभवापुरते हे खरे असते. मात्र हप्ता हलका का होतो, किती वेगाने होतो आणि कोणत्या परिस्थितीत मुळीच होत नाही, हे या दिलाशातून कळत नाही. हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनिशी कसा मांडावा, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे दाखवले आहे. त्यासाठी संगणकावरील साधी एक्सेल शीट किंवा गूगल शीट पुरते, आणि तीही नको असेल तर कॅल्क्युलेटर व वहीही चालते.

उदाहरण असे. नाशिकमधील एका नोकरदार कुटुंबाने ३० लाख रुपयांचे घरकर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आहे. महिन्याचा हप्ता २६,०३५ रुपये येतो. मिळवती व्यक्ती एकच, सर्व कपाती होऊन हातात येणारा पगार ६५,००० रुपये, आणि किराणा, शाळा, औषधपाणी, सोसायटीचा मेंटेनन्स, गावी पाठवायचे पैसे असा हप्ता सोडून सारा खर्च ३५,००० रुपये. म्हणजे महिनाअखेर हातात उरतात ३,९६५ रुपये. एखादे लग्नकार्य किंवा दाताचा एखादा उपचार निघाला, तर त्या महिन्यात उसनवारी ठरलेली. हे कुटुंब काल्पनिक असले तरी असे आकडे असलेली घरे प्रत्येक सोसायटीत सापडतील.

पहिली पायरी : कागदपत्रांतून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात

कर्जाचे मंजुरीपत्र आणि परतफेडीचे वेळापत्रक समोर घ्यावे. त्यातून उरलेले कर्ज, उरलेले हप्ते आणि व्याजदर स्थिर आहे की बदलता, या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. तिसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष नसते. भारतातील बँकांची बहुतांश घरकर्जे बदलत्या दराची असतात, आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली अशी नवी कर्जे बाह्य मानदंडाला, म्हणजे बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, जोडलेली असतात. म्हणून ‘ठरलेला हप्ता’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा तो किती ठरलेला आहे, हे आधी तपासावे लागते. त्याकडे पुढे पुन्हा येऊ. तूर्त दर बदलत नाही असे धरून चालू.

पगाराचा आकडा लिहिताना वार्षिक पॅकेजला बाराने भागून येणारी रक्कम घेऊ नये. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, वर्षअखेरीस मिळालाच तर मिळणारा बोनस असे बरेच काही मिसळलेले असते. गेल्या सहा महिन्यांत बँकेच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली सर्वांत लहान रक्कम घ्यावी, कारण हप्ता त्याच खात्यातून कापला जातो.

दुसरी पायरी : पुढच्या हप्त्यांना आजच्या रुपयांत आणावे

दहा वर्षांनंतरचे २६,०३५ रुपये आणि आजचे २६,०३५ रुपये एकाच मापाचे नाहीत, कारण तोपर्यंत त्याच पैशांत कमी वस्तू येतील. भविष्यातील रक्कम आजच्या रुपयांत आणण्याची रीत सोपी आहे : महागाईचा वार्षिक दर गृहीत धरून, जितकी वर्षे पुढे जायचे तितक्या वेळा त्या रकमेला भागत जायचे. महागाई ५ टक्के धरली तर दर वर्षासाठी १.०५ ने भागायचे.

```
=26035/1.05^10
```

उत्तर येते १५,९८३. अर्थात दहा वर्षांनंतरचा हप्ता आजच्या सुमारे सोळा हजारांइतका जड असेल. पाच वर्षांनंतर तो आजच्या २०,३९९ रुपयांइतका, पंधरा वर्षांनंतर १२,५२३ रुपयांइतका आणि अगदी शेवटी ९,८१२ रुपयांइतका उरतो. कागदावर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच आकडा छापलेला असतो.

महागाईचा दर ५ टक्केच का, असा प्रश्न येथे रास्त आहे. रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून ४ टक्के हे महागाईचे लक्ष्य दिलेले आहे आणि त्याच्या खाली-वर २ टक्क्यांची सवलत आहे. ५ टक्के हा त्या पट्ट्यातला, किंचित वरच्या बाजूचा अंदाज झाला. पूर्वी महागाई यापेक्षा बरीच जास्त होती. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक २००१ साली १०० धरला, तर २०१५ ची त्याची सरासरी २६१.४२ भरते. चौदा वर्षांत भाव अडीच पटींहून अधिक वाढले, म्हणजे वर्षाला सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास. त्या काळी २००१ साली सुरू झालेला १०,००० रुपयांचा हप्ता २०१५ मध्ये २००१ च्या ३,८२५ रुपयांइतकाच राहिला होता. आपल्या वडीलधाऱ्यांचा दिलासा त्या काळातून आलेला आहे. आज कर्ज घेणाऱ्याने तोच वेग गृहीत धरू नये.

येथे एक मोह टाळायला हवा. २० वर्षांत एकूण किती पैसे जाणार, हे पाहण्यासाठी लोक हप्त्याला २४० ने गुणतात, ६२ लाखांहून मोठा आकडा पाहून हबकतात आणि ३० लाखांचे दुप्पट पैसे भरतो आहोत, असे म्हणतात. हे सर्व हप्ते आजच्या रुपयांत आणून बेरीज केली तर ती ४० लाखांच्या किंचित आत येते. व्याज आहेच, आणि ते लहान नाही. पण भीती वाटावी इतके ते मोठे का दिसते, याचे उत्तर बरेचसे वेगवेगळ्या वर्षांचे रुपये एकत्र मिळवण्यात आहे.

मग बँक तोट्यात जाते का?

नवख्या वाचकाला येथे हा प्रश्न पडतो. पैशांचे मोल घटत जाणार हे बँकेलाही माहीत असते, म्हणून ती त्याची भरपाई व्याजदरात आधीच घालून ठेवते. ८.५ टक्क्यांपैकी जवळपास ५ टक्के ही महागाईची भरपाई आहे, आणि उरलेले साधारण साडेतीन टक्के हे खरे व्याज. बदलत्या दराच्या कर्जात महागाई वाढली की दरही कालांतराने वर सरकतो, तो याच कारणाने.

याचा परिणाम पहिल्या हप्त्यांवर होतो. समजा, एखाद्या बँकेने असे कर्ज दिले असते की ज्याचा हप्ता महागाईबरोबर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत जाईल आणि त्यामुळे त्याचे खरे वजन वीसही वर्षे एकसारखे राहील. त्याच ३० लाखांसाठी तो हप्ता आज सुमारे १७,५०० रुपयांपासून सुरू झाला असता आणि अखेरीस ४६,००० रुपयांच्या पुढे गेला असता. प्रत्यक्षात आपण पहिल्या दिवसापासून २६,०३५ भरतो. सुरुवातीला दरमहा साडेआठ हजार जास्त आणि शेवटी वीस हजार कमी, असा हा सौदा आहे. शेवटच्या वर्षांतील हलकेपणा ही महागाईने दिलेली भेट नव्हे. पहिल्या वर्षांत आपण त्याची किंमत आगाऊ मोजलेली असते. हे एकदा लक्षात आले की, धोका कुठे आहे तेही दिसते. कर्ज मोडते ते पहिल्या चार-पाच वर्षांत, आणि हिशेबात सर्वाधिक काळजी घ्यायची ती तेथेच.

तिसरी पायरी : शीट मांडावी

शीटमध्ये पहिल्या ओळीत मथळे लिहावेत. A मध्ये वर्ष (आजचे ० धरून), B मध्ये पगार, C मध्ये खर्च, D मध्ये हप्ता, E मध्ये शिल्लक आणि F मध्ये हप्त्याचे आजच्या रुपयांतील मोल. H1 या घरात पगारवाढीचा दर आणि H2 मध्ये महागाईचा दर लिहावा. दोन्ही ठिकाणी आरंभी 0.05 घालावे. नंतर दुसऱ्या ओळीत आजचे आकडे आणि ही सूत्रे :

```
D2: =PMT(0.085/12,240,-3000000)
E2: =B2-C2-D2
F2: =D2/(1+$H$2)^A2
```

तिसऱ्या ओळीत पुढील सूत्रे घालावीत, E आणि F ही घरे वरून खाली ओढावीत, आणि मग ती पूर्ण ओळ विसाव्या वर्षापर्यंत खाली ओढावी.

```
A3: =A2+1
B3: =B2*(1+$H$1)
C3: =C2*(1+$H$2)
D3: =D2
```

दोन्ही दर ५ टक्के ठेवण्यात एक हेतू आहे. पगार आणि भाव एकाच वेगाने वाढले, तर माणसाची खरी बढती शून्य असते. त्याला गेल्या वर्षी जेवढे किराणा सामान घेता येत होते तेवढेच यंदाही घेता येते. तरीही शीट काय सांगते ते पाहावे. आज शिल्लक ३,९६५ रुपये आहे. एका वर्षाने पगार ६८,२५० आणि खर्च ३६,७५० होतो, आणि शिल्लक ५,४६५ वर जाते. दुसऱ्या वर्षअखेरीस ती ७,०४० होते, पाचव्या वर्षी सुमारे १२,२५० आणि दहाव्या वर्षी २२,८३०. दहाव्या वर्षाचे हे पैसे आजच्या रुपयांत आणले तरी ते १४,००० भरतात. एक पैशाचीही खरी पगारवाढ न होता महिनाअखेरची शिल्लक साडेतीन पट झाली, कारण पगार आणि खर्च दोन्ही फुगत गेले आणि मधला हप्ता जागचा हलला नाही.

हप्त्याचे पगाराशी प्रमाणही याच शीटवरून काढता येते. ते आज ४० टक्के आहे, पाचव्या वर्षी ३१, दहाव्या वर्षी पावणेपंचवीसच्या आसपास आणि शेवटी १५ टक्के. वडीलधाऱ्यांच्या ‘जाणवत नाही’ या शब्दांचा आकड्यातला अर्थ हा आहे.

सरकारी नोकरीत याचे ठळक उदाहरण सहाव्या वेतन आयोगाच्या काळात दिसते. त्या वेतनश्रेणीत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता १ जानेवारी २००६ ला शून्य धरून सुरू झाला आणि १ जानेवारी २०१६ ला १२५ टक्क्यांवर पोहोचला. २०,००० रुपये मूळ वेतन असलेल्या माणसाचे वेतन आणि भत्ता मिळून, वार्षिक वेतनवाढ बाजूला ठेवली तरी, दहा वर्षांत ४५,००० झाले. त्याचा ८,००० रुपयांचा हप्ता ४० टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या खाली आला. मात्र हाच भत्ता करोनाच्या काळात, जानेवारी २०२० पासून जून २०२१ पर्यंत, गोठवला गेला होता हेही ध्यानात ठेवावे. भाव तेव्हा थांबले नव्हते.

चौथी पायरी : H1 हलवून पाहावे

शीटचा खरा उपयोग येथून सुरू होतो. H2 मध्ये ५ टक्के महागाई तशीच ठेवून H1 मध्ये शून्य घालावे, म्हणजे पगार काही काळ वाढलाच नाही असे धरावे. पहिल्या वर्षी शिल्लक ३,९६५ वरून २,२१५ वर येते. दुसऱ्या वर्षी उरतात ३७७ रुपये. तिसऱ्या वर्षी दरमहा १,५५२ रुपयांची तूट पडते. महागाई तीच होती आणि हप्त्याचे ‘आजच्या रुपयांतील मोल’ शीटच्या F रकान्यात नेमाने घटतच होते. तरी घर मात्र तुटीत गेले. महागाईमुळे कर्ज हलके होते, हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कर्ज हलके करते ती पगारवाढ. महागाई फक्त ती पगारवाढ घडण्याचे एक कारण पुरवते, आणि काही नोकऱ्यांत तेही पुरवत नाही. वर्षानुवर्षे एकाच ठोक रकमेवर काम करणारा कंत्राटी शिक्षक, कमिशनवर जगणारा विक्रेता, बढती अडकलेला मध्यमवयीन व्यवस्थापक यांना F रकान्यातून काहीही मिळत नाही.

आता थोडा अवघड प्रसंग घेऊ, कारण फसगत बहुधा येथे होते. H1 मध्ये 0.03 आणि H2 मध्ये 0.06 घालावे : पगार ३ टक्क्यांनी वाढतो आणि खर्च ६ टक्क्यांनी. दहाव्या वर्षी पगार ८७,३५५ रुपये होतो आणि हप्त्याचे प्रमाण ४० वरून ३० टक्क्यांच्या खाली येते. प्रमाण पाहणाऱ्याला वाटते, छान चालले आहे. पण खर्च तोवर ६२,६७९ झालेला असतो, आणि महिन्याला १,३५९ रुपये कमी पडतात. हप्त्याचे पगाराशी प्रमाण हे बँकेच्या कामाचे माप आहे. घराने पाहायचा रकाना E, म्हणजे शिल्लक.

यातून सुरुवातीच्या वर्षांसाठी एक उपयोगी कसोटी निघते. शिल्लक निदान आहे तेवढी टिकायची असेल, तर पगारातील रुपयांची वाढ खर्चातील रुपयांच्या वाढीइतकी तरी हवी. ५ टक्के महागाईने ३५,००० च्या खर्चात १,७५० रुपये वाढतात. ६५,००० च्या पगारात १,७५० ची वाढ म्हणजे अवघी २.७ टक्के. म्हणजे या कुटुंबाला पहिल्या वर्षी महागाईइतकी पगारवाढ मिळाली नाही, तरी २.७ टक्क्यांच्या वर काहीही मिळाले तर हातातील शिल्लक घटत नाही. ज्याचा खर्च पगाराच्या मानाने जास्त, त्याची ही किमान रेषाही वर सरकते. प्रत्येकाने आपल्या आकड्यांनी ही रेषा काढावी आणि गेल्या पाच वर्षांतील आपल्या पगारवाढी तिच्याशी ताडून पाहाव्यात. जुन्या पगारपत्रकांतून हे अर्ध्या तासात होते. कंपनीच्या पत्रातील टक्के न घेता हातात आलेल्या रकमेतील फरक घ्यावा, कारण वाढलेल्या पगारातून कर आणि भविष्यनिर्वाह निधीची कपातही वाढलेली असते.

खर्चाच्या बाजूलाही सरसकट एकच टक्केवारी लावणे हा केवळ आरंभ आहे. शाळेची फी आणि वैद्यकीय विम्याचा हप्ता अनेक घरांत सर्वसाधारण महागाईहून वेगाने वाढतात, आणि मूल पाचवीतून आठवीत गेले की क्लासचा नवाच खर्च उगवतो. असे खर्च वेगळ्या रकान्यात घ्यावेत.

पाचवी पायरी : हप्ता खरोखर ठरलेला आहे का, हे तपासावे

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या कर्जाचा हप्ता दरमहा ठरल्या तारखेला, ठरल्या रकमेने कापला जात होता आणि मी समाधानी होतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, हे वर्तमानपत्रात वाचलेही होते. पण हप्ता बदलला नाही, म्हणून आपल्याला त्याची झळ लागली नाही असे मी मानले. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी कर्जाचे विवरणपत्र काढले तेव्हा उरलेल्या हप्त्यांचा आकडा, कमी होण्याऐवजी, कर्ज घेतले तेव्हापेक्षा मोठा झालेला दिसला. बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली होती. मला कळवल्याचा संदेश जाहिरातींच्या ढिगात कुठेतरी पडलेला असावा.

असे किती दूर जाऊ शकते, ते एका हिशेबावरून दिसेल. ६.७५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता २२,८११ रुपये असतो. एका वर्षानंतर २९,२६,५०० रुपयांच्या आसपास कर्ज उरते. आता दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.२५ झाला, तर त्या महिन्याचे व्याजच २२,५५९ रुपये होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात जेमतेम अडीचशे रुपये, आणि त्या वेगाने कर्ज फिटायला जवळजवळ ४९ वर्षे लागतील. बँका इतके होऊ देत नाहीत, हप्ता वाढवायला लावतात. पण ‘हप्ता तोच आहे’ हे समाधान किती पोकळ असू शकते, ते यावरून कळावे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये यासंबंधी सूचना काढल्या. दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे यांतून निवड देण्यास, तसेच संस्थेच्या धोरणानुसार स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय देण्यास तिने बँकांना सांगितले. मुदत लांबवताना व्याजही वसूल होणार नाही असा लहान हप्ता राहता कामा नये, असेही त्यात आहे. आपली निवड बँकेला लेखी कळवावी, म्हणजे ती आपोआप दुसऱ्याने केली असे होत नाही.

आपल्या उदाहरणातील कर्जाचा दर पहिल्याच वर्षी ८.५ वरून ९.५ झाला, तर काय निवडावे? मुदत तीच ठेवली तर हप्ता २७,९६४ होतो, म्हणजे १,९२९ रुपयांनी वाढतो. हप्ता तोच ठेवला तर किती हप्ते लागतील, हे असे काढता येते :

```
=NPER(0.095/12,-26035,3000000)
```

उत्तर ३०८.५ येते. २४० च्या जागी जवळपास ३०९ हप्ते. ज्या घराची शिल्लक ३,९६५ आहे आणि पगारवाढीची खात्री नाही, त्याने पहिल्या दोन-तीन वर्षांत १,९२९ रुपयांचा जादा भार घेण्यापेक्षा मुदत लांबवणे समजण्यासारखे आहे, कारण वाढलेले हप्ते सर्वांत शेवटी येतात आणि तेव्हा ते खऱ्या मोलाने सर्वांत हलके असतात. अट एकच : ते निवृत्तीपूर्वी संपले पाहिजेत. महाराष्ट्र शासनाचे बहुसंख्य कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. पस्तिसाव्या वर्षी कर्ज घेणाऱ्याचे २० वर्षांचे कर्ज ५५ व्या वर्षी संपते. तेच ३०९ हप्त्यांचे झाले तर साठी ओलांडते. निवृत्तीच्या दिवशी पगाराचा आकडा खाली कोसळतो आणि इतकी वर्षे हलका होत आलेला हप्ता एका महिन्यात पुन्हा जड होतो. शीटमध्ये निवृत्तीच्या वर्षासमोर पगाराऐवजी अपेक्षित निवृत्तिवेतन घालून पाहावे.

सहावी पायरी : वाढलेल्या शिल्लकीचे काय करावे

पाचव्या-सहाव्या वर्षी शिल्लक बारा हजारांच्या पुढे जाऊ लागते, आणि तेव्हा एक चुकीचा युक्तिवाद कानावर येतो : पुढचे हप्ते तसेही हलके होत जाणार, मग मुद्दल आधी फेडण्यात काय अर्थ? यात गफलत आहे. पुढचा हप्ता हलका असेल, पण आज उरलेल्या कर्जावर बँक आजच ८.५ टक्क्यांनी व्याज लावते आहे. दहा वर्षे हप्ते भरूनही या कर्जातील सुमारे २१ लाख रुपये उरलेले असतात, कारण पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजाचे होते आणि मुद्दलात केवळ ४,७८५ गेले होते. आज मुद्दलात भरलेला जादा रुपया ८.५ टक्क्यांचे व्याज वाचवतो, महागाई कितीही असो.

तुलना करायची ती याच्याशी : तोच रुपया दुसरीकडे ठेवला तर कर जाऊन किती मिळते? बँकेच्या मुदत ठेवीतून कर वजा जाता बहुधा यापेक्षा कमीच मिळते, आणि तेव्हा मुद्दल फेडणे सरस ठरते. शेअर बाजाराशी निगडित गुंतवणुकीत अधिक मिळू शकते, पण त्याची हमी कोणी देत नाही, आणि दोन-तीन वर्षे वाईट गेली तर ती सोसण्याची तयारी हवी. माझे स्वतःचे मत असे की, सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एवढी रक्कम सहज काढता येईल अशा ठिकाणी साठल्यावाचून मुद्दलात जादा पैसे भरू नयेत. आपल्या उदाहरणात ती रक्कम आजच्या आकड्यांनी ३,६६,२१० रुपये होते. मुद्दलात भरलेले पैसे नोकरी गेल्यावर बँकेकडून परत मिळत नाहीत. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार घेता येत नाही, त्यामुळे घाई करण्याचेही कारण नाही. स्थिर दराच्या कर्जात मात्र करारातील अटी वाचून घ्याव्यात.

जादा पैसे भरताना हप्ता कमी करायचा की मुदत, हे बँक विचारते. व्याज अधिक वाचवायचे तर मुदत कमी करावी. पगाराचा भरवसा नसेल तर हप्ता कमी करून घेण्यात कमीपणा नाही, कारण ज्या रकान्यावर घर चालते तो E आहे आणि लहान हप्त्याने तो लगेच सुधारतो.

सातवी पायरी : दरवर्षी एकदाच, पण नेमाने

ही शीट दर महिन्याला उघडून बसण्यात हशील नाही. पगारवाढ हाती आल्यावर, बहुतेकांच्या बाबतीत एप्रिल ते जुलैच्या दरम्यान, एकदा ती उघडावी. गृहीत धरलेल्या पगाराच्या जागी प्रत्यक्ष पगार आणि गृहीत खर्चाच्या जागी प्रत्यक्ष खर्च लिहावा, बँकेकडून ताजे विवरणपत्र काढून उरलेल्या हप्त्यांची संख्या गेल्या वर्षीच्या संख्येतून वजा करावी. उत्तर १२ यायला हवे. बारापेक्षा कमी आले तर मुदत लांबवली गेली आहे, जास्त आले तर दर उतरला आहे किंवा आपण मुद्दलात भरलेले पैसे लागू पडले आहेत. १२ पेक्षा कमी आलेल्या उत्तराचा खुलासा शाखेत जाऊन लेखी मागावा, आणि विवरणपत्राची एक प्रत मंजुरीपत्राच्या फायलीत लावून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी वजाबाकीला मागचा आकडा हाताशी असतो.